समान हप्ता, पण व्याज वेगळं: जर्नल नोंदी

> "हप्ता दरवर्षी तेवढाच आहे, मग पूर्ण रक्कम कर्ज खात्याला नावे टाकली तर काय बिघडतं?"

ताळेबंदच बिघडतो. १ एप्रिलला ३,३१,००० रुपये कर्ज घेतलं, व्याज १० टक्के, तीन वार्षिक हप्ते १,३३,१०० चे, प्रत्येक ३१ मार्चला, असं धरू.

पहिल्या वर्षाचं व्याज ३३,१००, म्हणून मुद्दल फिटलं फक्त १,००,०००. पहिल्या वर्षाची नोंद:

बँक कर्ज खाते नावे १,००,०००
कर्जावरील व्याज खाते नावे ३३,१००
बँक खात्याला १,३३,१००

त्याच दिवशी व्याज बंद करायचं: नफा-तोटा खाते नावे ३३,१००, कर्जावरील व्याज खात्याला ३३,१००. हे राहून गेलं की नफा तेवढाच फुगतो.

आता शिल्लक २,३१,०००. दुसऱ्या वर्षी व्याज त्यावरच, २३,१००, मुद्दल १,१०,०००. तिसऱ्या वर्षी १,२१,००० वर व्याज १२,१०० आणि मुद्दल १,२१,०००, म्हणजे कर्ज नील. मुद्दलाचा भाग दरवर्षी बरोबर १० टक्क्यांनी वाढतोय, हा ताळा मला फार उपयोगी वाटतो. वाढ व्याजदराएवढी नसेल तर कोष्टकात कुठेतरी चूक आहे.

तुम्ही म्हणता तसं केलं तर पहिल्या वर्षअखेर कर्ज १,९७,९०० दिसेल. बँकेचा उतारा मात्र २,३१,००० दाखवेल, आणि फरक नेमका ३३,१००. हप्त्याची तारीख ३१ मार्च नसेल, तर शेवटच्या हप्त्यापासून वर्षअखेरपर्यंतचं देय व्याजही वेगळं नोंदवावं लागेल.