मदत हवी आहे: डिस्चार्जचा वेळ, सरासरी फसवतेय, क्वांटाइल रिग्रेशन लावलं पण आकडा वाचायचा कसा?

खिडकीजवळची
आमच्याकडे डॉक्टरांनी घरी जा म्हटल्यापासून बेड रिकामा होईपर्यंतची मिनिटं नोंदवलीयेत. ६४० पेशंट, त्यातले २२८ कॅशलेस. साधं रिग्रेशन म्हणतं कॅशलेसला ९५ मिनिटं जास्त लागतात. पण वॉर्डात कोणीच हे मानत नाही, कोणी म्हणतं एवढा काही फरक नाही आणि कोणी म्हणतं माणसं रात्रीपर्यंत बॅग भरून बसलेली असतात. म्हणून हे केलं:

```r
library(quantreg)
rq(mins ~ cashless, tau = c(0.5, 0.9), data = d)
```

०.५ ला ४५ आलं, ०.९ ला २४५. म्हणजे कॅशलेस पेशंटला २४५ मिनिटं उशीर होतो असं लिहू का?

गणू_एक्सेल
सोपं आहे, सगळ्यात उशीर झालेले १० टक्के पेशंट वेगळे काढ आणि त्यांच्यावरच साधं रिग्रेशन चालव.

तात्या६२
गणू, तसं अजिबात करू नकोस रे, उत्तर बघूनच माणसं निवडलीस तर कॅशलेसचा परिणाम आधीच छाटला जातो. ०.९ ला पण सगळे ६४० वापरले जातात, फक्त रेषेच्या वर राहणाऱ्या चुकीला ९ पट वजन असतं.
ताई, दोन्ही गटांचे क्वांटाइल नुसते काढून बघा.

खिडकीजवळची
काढले. रोखवाल्यांचा मीडियन १५०, नव्वदावा २८०. कॅशलेसचे १९५ आणि ५२५. अरे, वजाबाकी केली की तेच आकडे येतायत!

तात्या६२
येणारच, एकच हो-नाही कॉलम आहे ना. तर २४५ हा कुठल्या एका पेशंटचा उशीर नाही, दोन गटांच्या शेपटांमधलं अंतर आहे. 'दहातले नऊ रोखवाले २८० मिनिटांत सुटतात, कॅशलेसला त्यासाठी ५२५ लागतात' असं लिहा.

मीठभाकर
एवढं कशाला, लॉग घ्या आणि lm चालवा. स्क्यू जातो.

तात्या६२
अर्धं बरोबर. स्क्यू कमी होईल, पण lm एकच गुणोत्तर देणार. इथे मीडियनला १.३ पट आहे आणि नव्वदाव्याला जवळजवळ १.९. फरक शेपटातच वाढतोय, तोच लपेल.

पुणे_टू_पनवेल
आमच्या बाबांना मागच्या महिन्यात सात तास बसवलं होतं, टीपीएचं अप्रूव्हल म्हणे. मीडियन वगैरे ऐकून चीड येते.

खिडकीजवळची
तुमचे बाबा त्याच शेपटातले :( बरं तात्या, वॉर्ड टाकून ०.९५ पण केलं तर डीलक्समध्ये ०.९५ चा अंदाज ०.९ पेक्षा कमी येतोय??

तात्या६२
रेषा एकमेकींना छेदतायत. ०.९५ च्या वर कॅशलेसमध्ये अकराच पेशंट उरतात, त्यात डीलक्सचे किती? ०.९ वर थांबा, rq चं उत्तर m मध्ये ठेवा आणि `summary(m, se = "boot")` च्या स्टँडर्ड एररवरून रेंज बघा.

खिडकीजवळची
डीलक्समध्ये दोन निघाले. थांबते. पण एकाच डॉक्टरचे पेशंट एकत्रच अडकतात, राउंडच चारला होतो, मग ती रेंज खरी धरायची का?

मीठभाकर
डॉक्टरप्रमाणे बूटस्ट्रॅप कर.

खिडकीजवळची
डॉक्टर सहाच आहेत हो.