प की फ, एवढंच पाठ करा
चिनी शिकणाऱ्याची तक्रार: “अक्षराचा उजवा भाग वाचून उच्चार सांगितला की निम्म्या वेळा चुकतो.”

चुकलेला आणि खरा उच्चार बऱ्याचदा प-फ-ब अशा एकाच वर्गातले असतात, ते बघा. 包 म्हणजे ‘पाओ’. डावीकडे हाताची खूण आली की 抱, मिठी मारणं, तेही पाओ. अन्नाची खूण आली की 饱, पोट भरलेलं, पुन्हा पाओ. पण पायाची खूण आली की 跑, पळणं, आणि उच्चार फाओ (ओठ मिटून काढलेला फ). म्हणजे ओठ मिटणार हे उजवीकडचा 包 सांगतो, महाप्राण आहे की नाही ते सांगत नाही. मी वहीत प्रत्येक अक्षरापुढे फक्त ‘प’ किंवा ‘फ’ लिहिते.

पिनयिन म्हणजे चिनीच्या रोमन लेखनातला बी (b) आपल्या ‘ब’सारखा वाचू नका, तो ‘प’च आहे. सूर मात्र वेगळे पाठ करावे लागतात: 包 पहिला, 饱 तिसरा, 抱 चौथा.