फॅमिली ग्रुप: केतकीचा निरोपाचा मेल

केतकी: एक्झिट इंटरव्ह्यू झाला एकदाचा. परवा शेवटचा दिवस. निरोपाचा मेल खरडलाय, जरा नजर टाका. सुहासकाका, तुम्ही खास बघा, तुमची उभी नोकरी एचआरमध्ये गेली.
"वैयक्तिक कारणांमुळे नोकरी सोडावी लागत आहे. इथलं उत्तम नियोजन आणि सरांचं मार्गदर्शन यामुळे ही वर्षं कशी गेली कळलंच नाही. कुठल्याही कामासाठी कधीही हाक मारा."

वहिनी: छान लिहिलंयस गं 👌

सुहासकाका: गोड आहे. पण आधी सांग, इंटरव्ह्यूच्या शेवटी "आणखी काही सांगायचंय का" असं विचारलं असेल. तेव्हा काय बोललीस?

केतकी: म्हटलं, नव्या ठिकाणी डेटाचं काम शिकायला मिळणार म्हणून जातेय. इथे कुठलं काम आधी करायचं ते सारखं बदलायचं, मग रात्री बसावं लागायचं. माझ्या जागी येणाऱ्याला आठवड्याच्या सुरुवातीलाच नक्की सांगितलंत तर बरं पडेल. आणि टीमने सांभाळून घेतलं म्हणून आभार मानले.

सुहासकाका: शेवट झकास केलास. कारण एकच सांगितलंस, तक्रारही एकच, आणि तीसुद्धा पुढच्या माणसाच्या सोयीची. पण हे सगळं एचआर लिहून घेतं. पुष्कळ ठिकाणी त्याचा गोषवारा वरच्या साहेबांकडे जातो. नाव नसलं तरी लहान टीममध्ये कोण बोललं ते लगेच कळतं. आता तेच साहेब परवा तुझ्या मेलमध्ये "उत्तम नियोजन" वाचणार. त्यांना वाटेल, पोरगी तिथे तरी खोटं बोलली, नाहीतर इथे टोमणा मारतेय.

आत्या: म्हणजे मेलमध्येपण तक्रार लिहायची?? 😳

सुहासकाका: छे छे! तक्रार जिथे सांगायची तिथे सांगून झाली. मेल सगळ्या टीमला जातो, त्यात तिचा वासही नको. फक्त जे खटकलं त्याचंच कौतुक करायचं नाही. नियोजनाबद्दल गप्प बसायचं. केतकी, साहेबांकडून खरंच काय शिकलीस?

केतकी: काम लांबणार असेल तर क्लायंटला स्वतः फोन करून सांगायचं, मेलवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. हे त्यांचंच.

सुहासकाका: मग तेच लिही की. "मार्गदर्शन" काय, कोणीही कोणालाही लिहितं.

निखिल: पण काका, "वैयक्तिक कारण" तर सगळेच टाकतात. त्यात काय बिघडलं?

सुहासकाका: सगळीकडे तेच सांगितलं असतं तर काहीच नाही. हिने तिथे नव्या कामाचं सांगितलंय. राजीनाम्यात काय लिहिलंस गं?

केतकी: "वेगळ्या क्षेत्रात काम करण्याची संधी मिळाल्याने."

सुहासकाका: मग तेच वाक्य मेलमध्येही येऊ दे. शिवाय "सोडावी लागत आहे" काढ, कोणी घालवल्यासारखं वाटतं. उद्या दुसरी कंपनी चौकशी करेल तेव्हा राजीनामा, इंटरव्ह्यूची नोंद आणि साहेबांची आठवण, तिन्हींत एकच कारण असलेलं बरं.

वहिनी: आणि ते "कधीही हाक मारा" पण काढ हं. खरंच हाक मारतात. ह्यांना नोकरी बदलल्यावर किती दिवस जुन्या ऑफिसचे फोन यायचे, विचारू नकोस.

केतकी: 😂 खरंय. तिथे हँडओव्हरचं लिहिते. हे बघा आता:
"नमस्कार, आज माझा इथला शेवटचा दिवस. डेटाच्या क्षेत्रात काम करण्याची संधी मिळाल्याने मी नव्या ठिकाणी रुजू होत आहे. अडचणीची गोष्ट क्लायंटला आपणहून फोन करून सांगावी, हे मी सरांकडून शिकले. धावपळीच्या दिवसांत टीमने मला सांभाळून घेतलं, ते मी विसरणार नाही. चालू कामांच्या नोंदी टीमच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. माझा खासगी मेल आयडी खाली देत आहे, संपर्कात राहूया."

आत्या: "धावपळीच्या दिवसांत" हा टोमणा नाही ना होत?

सुहासकाका: आत्याबाईंची नजर बारीक आहे! इंटरव्ह्यूत रात्री बसण्याचं बोललीयस, त्यामुळे साहेबांना ते टोचू शकतं. "सुरुवातीला नवखी असताना" असं कर. खरं आहे ना ते?

केतकी: अगदी खरं. बदलते.

निखिल: एक लक्षात ठेव, शेवटच्या दिवशी कधीकधी दुपारीच लॉगिन बंद करतात. सकाळीच पाठव. नावं बीसीसीत टाक, म्हणजे रिप्लाय ऑलचा पाऊस पडणार नाही. क्लायंटला यात घेऊ नकोस, त्यांना कधी आणि कोणी कळवायचं ते साहेबांना विचार.

केतकी: आणि कोणी बाजूला घेऊन "खरं कारण सांग ना" म्हणालं तर? आमच्याकडे एक जण नक्की विचारणार.

सुहासकाका: त्यालाही डेटाचंच सांग. फार खोदलं तर म्हण, बाकीचं एचआरशी बोलून झालंय. आणि तो फोल्डर टीमला उघडतोय ना, ते आत्ताच कोणाकडून तरी बघून घे, परवा सगळे त्याच्यासाठीच फोन करतील.