मदत हवी आहे: पेशंट पडल्याच्या फॉर्ममध्ये आधीचा स्कोअर कुठला लिहायचा?

रात्री वॉर्डात एक आजोबा बेडशेजारी खाली बसलेले सापडले, पडताना कोणी पाहिलं नाही म्हणून मी ‘पडले’ न लिहिता ‘जमिनीवर आढळले’ असं लिहिलंय. पायात नुसते मोजे, चप्पल बेडखाली. वरचे दोन्ही रेल वर, खालचे खाली, हे सगळं जसं दिसलं तसंच टाकलं. अडलंय ते असेसमेंटवर. सकाळचा मोर्स स्कोअर २५, दुपारी सलाईन लागलं म्हणजे आणखी २० धरून ४५ व्हायला हवा होता, पण पुन्हा कोणी काढलाच नाही. मला वाटतं २५ वेळेसकट लिहावा आणि नवा स्कोअर ‘पडल्यानंतर’ म्हणून वेगळा, सिनियर म्हणतात सरळ ४५ टाक. तुमच्याकडे काय करतात?