सिसिलियनमध्ये डी६ चं प्यादं मागे अडकतं आणि डी५ ला घोडा येऊन बसतो. काय करावं?

उशिराचा_पटकरी
ऑनलाइन रॅपिडला रेटिंग १४५० च्या आसपास आहे. ई४ विरुद्ध नायडॉर्फ खेळतो. सहाव्या चालीला पांढऱ्याने उंट ई२ केला की मी ई५ करतो, घोडा बी३ ला जातो, दोघांचं कॅसलिंग होतं, इथपर्यंत बरं चालतं. मग तो उंट जी५ ला आणतो, मी घोडा सी६ ला काढतो, तो एफ६ चा घोडा मारतो, मी ई७ च्या उंटाने मारतो आणि त्याचा घोडा डी५ ला येऊन बसतो. मी उंट ई६ ला आणून तो घोडा मारला, तर तो वजिराने मारतो. मग डी६ वर हत्तींची रांग लागते आणि पुढचा डाव मी फक्त राखण करत बसतो. हे प्यादं वाचवायचं कसं? की ई५ करणंच सोडू?

अडीच_घरं
सोपं आहे. काळ्याने संधी मिळताच डी५ करून टाकायचं, प्यादं मागे राहतच नाही. आणि पांढऱ्याकडून खेळत असाल तर घोडा डी५ ला बसवायचा, दोन्ही हत्ती डी ओळीत लावायचे आणि डी६ खायचं.

जुना_हत्ती
अडीच_घरं, डी५ बद्दल बरोबर, पण ती चाल मिळाली असती तर हा धागा निघाला नसता. दुसरं वाक्य एकदा पटावर मांडून बघा. घोडा डी५ ला बसला की मागच्या हत्तींना डी६ दिसतच नाही, त्यांच्या तोंडासमोर स्वतःचाच घोडा आहे. प्यादं खायचं तर घोडा उठवावा लागतो. म्हणून खरा रोग डी६ नाही, डी५ आहे. तिथे काळ्याचं एकही प्यादं पोचत नाही. सी प्यादं मारलं गेलं आणि ई प्यादं पुढे निघून गेलं.

पटकरी, तुमची चूक घोडा सी६ ला काढण्यात आहे. या मांडणीत तो डी७ ला ठेवा. म्हणजे पांढऱ्याने एफ६ ला मारलं की तुम्ही घोड्याने मारता आणि डी५ वरचा पहारा कायम राहतो. तुम्ही उंटाने मारता, आणि काळ्या घरांचा उंट डी५ ला जन्मात पोचत नाही.

आता ई६ ला उंट आणि एफ६ ला घोडा असताना त्याने घोडा डी५ ला टाकला असं धरा. तुम्ही उंटाने मारा. त्याने वजिराने मारलं तर वजीरच जाईल, म्हणून त्याला ई प्याद्यानेच मारावं लागतं. आता डी५ च्या भोकात त्याचंच प्यादं बसलं. डी ओळ बंद झाली, डी६ ला समोरून कुणी हात लावू शकत नाही, आणि राजाच्या बाजूला तुमचं एक प्यादं जास्त झालं, ते एफ५ करत पुढे न्यायचं.

२०१८ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत कार्लसनच्या सिसिलियनविरुद्ध कारुआनाने ८, १० आणि १२व्या डावात घोडा स्वतःहून डी५ ला टाकला आणि प्याद्याने मारून ते घर भरलं. तिन्ही डाव बरोबरीत सुटले. म्हणजे ते भोक नुसतं आहे म्हणून डाव हरत नाही, त्यात पांढऱ्याचं काय बसतं ते बघायचं.

प्यादेवाली_आई
माझ्या मुलाचंही हेच होतं. वजिराच्या प्याद्याची ओपनिंग, मधल्या प्याद्यांची मारामारी होते, मग समोरचा बी४, बी५ करत येतो आणि याचं सी६ चं प्यादं एकटं पडतं. त्यानेही उंट ई६ लाच ठेवायचा का?

जुना_हत्ती
नाही ताई, ती गोष्ट वेगळी. तिथे पांढरा मुद्दाम प्यादं पाठवून काळ्याचं प्यादं मागे पाडतो. मुलाला सांगा, एक घोडा डी६ ला आणायचा. तिथून तो बी५ वर नजर ठेवतो आणि पुढे सी४ ला उडी मारतो. समोरचा बी५ ला पोचायच्या आधी तो तिथे हवा, नंतर धावपळ होते.

अडीच_घरं
हत्ती अडतो हे मान्य. पण डी६ खायचंच नसेल तर डी५ वर बसून पांढऱ्याला मिळतं काय?

जुना_हत्ती
स्मिस्लॉव–रुडाकोव्स्की, मॉस्को, १९४५. हे पटावर टाका:

```
1. e4 c5 2. Nf3 e6 3. d4 cxd4 4. Nxd4 Nf6 5. Nc3 d6
6. Be2 Be7 7. O-O O-O 8. Be3 Nc6 9. f4 Qc7 10. Qe1 Nxd4
11. Bxd4 e5 12. Be3 Be6 13. f5 Bc4 14. Bxc4 Qxc4
15. Bg5 Rfe8 16. Bxf6 Bxf6 17. Nd5 Bd8
```

डी५ चे पहारेकरी मोजत चला. १२व्या चालीनंतर काळ्याकडे दोन आहेत, ई६ चा उंट आणि एफ६ चा घोडा. एफ५ ने उंटाला हुसकावलं. काळ्याने तो सी४ ला नेऊन मारामारी केली, म्हणजे एक पहारेकरी आपल्या हाताने दिला. (मी उंट डी७ ला नेला असता, तिथून सी६. मग जी४ ची धमकी येते आणि ती झोंबते, पण डी५ वर नजर राहते.) उंट जी५ ने दुसरा पहारेकरी धरला आणि पुढच्या चालीला मारला. १७व्या चालीला घोडा बसला, आणि त्याला हाकलू शकेल असं काळ्याकडे काहीच उरलं नाही.

पुढचं बघा. पांढऱ्याने डी६ ला हातही लावला नाही. सी३, बी३ करून वजिराला मागे लोटलं, हत्ती एफ३ ला घेतला आणि २२व्या चालीला एफ६ करून राजाचं घर फोडलं. डी ओळीत हत्ती आला तो थेट २७व्या चालीला, आणि २८व्या चालीवर काळ्याने डाव सोडला. मधल्या त्या घोड्यामुळे काळ्याच्या मोहऱ्यांना राजाकडे पोचायला वाटच नव्हती.

कोकणी_वजीर
माझं मत वेगळं आहे. १४५० ला हा पहारा मोजत बसण्यापेक्षा सरळ ई६ करा आणि प्यादं तिथेच ठेवा. डी६ मागेच राहतं, पण ई६ डी५ वर नजर ठेवतं, घोडा फुकट बसत नाही. जागा थोडी कमी मिळते, एवढंच.

जुना_हत्ती
ई६ वाईट नाही. पण मग एफ४, जी४ करत अंगावर येणारे लोक सांभाळावे लागतात. मला ते जास्त अवघड जातं, तुम्हाला नसेल जात. वरच्या डावात काळ्यानेही ई६ नेच सुरुवात केली होती. ११व्या चालीला त्यानेच ई५ करून डी५ सोडलं.

उशिराचा_पटकरी
काल रात्री घोडा डी७ ला ठेवून खेळलो. त्याने घोडा डी५ ला टाकला, मी उंटाने मारलं, त्याला प्याद्यानेच मारावं लागलं. इथपर्यंत अगदी सांगितल्यासारखं. मग त्याने सी४, बी४, सी५ केलं आणि वजिराच्या बाजूने प्यादी घेऊन आत घुसला. डी६ पडलंच शेवटी, फक्त बाजूने. हरलो.

जुना_हत्ती
त्या बाजूला त्याची प्यादी जास्त असतात, तो येणारच. तुम्ही एफ५ कितव्या चालीला केलं?

उशिराचा_पटकरी
केलंच नाही. डी६ सांभाळत होतो.