मदत हवी आहे: खाऱ्या हवेत खिडक्या बदलायच्यात, ॲल्युमिनियम, यूपीव्हीसी की लाकूड?

शिंपला:
नमस्कार मंडळी, घर समुद्रापासून साधारण चारशे मीटरवर आहे, तळमजला अधिक एक. एकूण सात खिडक्या, त्यातल्या तीन पश्चिमेला. सहा खिडक्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या आहेत, पांढरं पावडर कोटिंग, बसवून नऊ वर्षं झाली, आणि आता अवस्था अशी की स्क्रूच्या आजूबाजूला कोटिंगला फुगे आलेत, नखाने दाबलं की फुगा फुटतो आणि आतून पांढरी भुकटी निघते. दोन झडपा तर सरकतच नाहीत, जोर लावला की खालून करकर आवाज येतो. सातवी खिडकी मागच्या बाजूला, घर बांधलं तेव्हाची सागवानी आहे, ती पावसाळ्यात फुगते पण बाकी उभी आहे.

तीन जणांना विचारलं तर तिघांनी आपापला माल चांगला सांगितला. ॲल्युमिनियमवाला म्हणे यूपीव्हीसी पिवळं पडतं, यूपीव्हीसीवाला म्हणे ॲल्युमिनियम घर तापवतं, सुतार म्हणतो लाकडासारखं दुसरं काही नाही. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खोलीत बसवत नाही. आईबाबा दोघंच राहतात, त्यामुळे दर वर्षी रंगकाम वगैरे त्यांच्याच्याने होणार नाही. काय घालू सांगा, पुन्हा नऊ वर्षांनी हाच खर्च नकोय.

रंधा:
ताई, डोळे झाकून सागवान घाला. खारा वारा धातू खातो, लाकडाला मिठाने काहीही होत नाही. आणि यूपीव्हीसी म्हणजे शेवटी प्लास्टिकच ना हो, उन्हात मऊ पडणार, वाकणार. आमच्याकडच्या सागवानी खिडक्या माझ्या आजोबांच्या वेळच्या आहेत.

पाचवा_मजला:
मीपण यूपीव्हीसीबद्दलच विचारणार होतो, बरं झालं धागा निघाला. माझ्याकडे सरकत्या आहेत, वारा सुटला की शिट्टी वाजते आणि पावसात खालच्या ट्रॅकमधून पाणी आत येतं. आवाज कमी होण्यासाठी कुठला माल घ्यावा?

शिंपला:
@पाचवा_मजला, माझा प्रश्न आवाजाचा नाहीये हो, गंज, ऊन आणि देखभाल याचा आहे. पण पाणी येण्याचं कुणी सांगितलं तर मलाही उपयोग होईल.

सेक्शनवाला:
बावीस वर्षं खिडक्या बनवतोय, ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसी दोन्ही, लाकूड करत नाही, हे आधीच सांगतो म्हणजे माझं झुकतं माप कुठे असेल ते तुम्हाला कळेल.

शिंपलाताई, तुम्ही लिहिलंय की फुगे स्क्रूच्या आजूबाजूला आहेत, त्यातच अर्धं उत्तर आहे. सेक्शनच्या मधल्या सपाट भागावर आहेत का फुगे? मला वाटतं नसतील. ॲल्युमिनियम स्वतः खाऱ्या हवेत बऱ्यापैकी टिकतं, पण कारखान्यात कोटिंग झाल्यावर फॅब्रिकेटर तो सेक्शन कापतो, भोकं पाडतो, आणि त्या प्रत्येक कापाला नि भोकाला उघडा धातू राहतो. त्यात साधा लोखंडी नाहीतर स्टीलचा स्क्रू बसवला की दोन वेगळे धातू, मध्ये मिठाचं पाणी, झाली बॅटरी तयार, आणि या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. गंज कोटिंगच्या खालून पसरत जातो म्हणून वरून फुगा दिसतो.

एक काम करा. एक स्क्रू काढून त्याला लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर तो इथे वापरायचा स्क्रूच नव्हता. नाही चिकटला म्हणजे चांगलाच असं मात्र समजू नका, ३०४ आणि ३१६ दोन्ही जातीचं स्टेनलेस चुंबकाला जवळपास दाद देत नाही, आणि समुद्राजवळ ३१६ लागतं, ३०४ वर वर्षभरात तपकिरी डाग यायला लागतात. ते चुंबकाने ओळखता येत नाही, बिलावर लिहून घ्यावं लागतं.

दुसरं, फुगे सगळ्यात जास्त कुठल्या खिडकीला आहेत ते बघून सांगा, उघड्यावरच्या की छज्जाखालच्या.

शिंपला:
आत्ता बघून आले. चार स्क्रू काढले, चारही चटकन चिकटले, एकाचं तर डोकंच हातात आलं. सपाट भागावर फुगे नाहीत, तुमचं बरोबर आहे. आणि नवल म्हणजे सगळ्यात खराब खिडकी ती आहे जिच्यावर सगळ्यात मोठा छज्जा आहे! मला वाटलं होतं उलटं असेल.

सेक्शनवाला:
अपेक्षित होतं. पाऊस मीठ धुऊन नेतो. छज्जाखाली मीठ बसतं, पाणी पोचत नाही, रात्रीच्या दमट हवेत ते मीठ ओलावा ओढून घेतं आणि तो थर महिनोन्‌महिने तसाच राहतो. म्हणून आडोशाच्या खिडक्याच जास्त धुवाव्या लागतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा गोडं पाणी, मऊ फडकं, थोडा साधा साबण, बास. ॲसिड नको, तारेची घासणी नको. हे यूपीव्हीसीलाही लागू आहे, कारण त्याचे रोलर, कड्या, बिजागऱ्या धातूच्याच असतात.

आता @रंधा यांच्यासाठी. मिठाने लाकूड खराब होत नाही हे खरं आहे. पण चांगलं यूपीव्हीसी उन्हाने मऊ पडून वितळत नाही हो, ते खिडकीसाठीच बनवलेलं कडक मटेरियल आहे. ते गरमीने लांब होतं, ही त्याची खरी अडचण. दोन मीटरची पट्टी तीस अंश तापली तर चार मिलिमीटरच्या आसपास वाढते, तेवढीच ॲल्युमिनियमची पट्टी दीड मिलिमीटर वाढेल. भिंतीला घट्ट ठोकून बसवली तर ती वाकते आणि मग लोक म्हणतात वितळली. गडद रंग घेतला तर अजून तापते, म्हणून पांढराच घ्या. पिवळं पडण्याचं म्हणाल तर स्वस्त प्रोफाइल पडतं, उन्हापासून वाचवणारं द्रव्य त्यात कमी घातलेलं असतं म्हणून.

यूपीव्हीसीच्या आत मजबुतीसाठी लोखंडी पट्टी असते, जस्ताचा मुलामा दिलेली. ती बाहेरून दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही. पाणी जायची भोकं पाडताना कारागिराने चुकून त्या पट्टीच्या कप्प्यात भोक पाडलं की पावसाचं पाणी थेट लोखंडावर, आणि मग भोकातून तांबूस ओघळ येतो. ओघळ दिसला की समजायचं. @पाचवा_मजला, तुमचीही भोकं तपासा, बहुतेक मातीने नाहीतर सिलिकॉनने बुजलेली असतील. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता, मिनिटभरात बाहेर पडलं पाहिजे.

पाचवा_मजला:
ओतलं. अर्धा तास झाला, अजून तसंच आहे 😐 उद्या तारेने मोकळी करतो. शिट्टीचं पण काहीतरी सांगा.

गणिती_गृहिणी:
उन्हाबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. मी आमच्या घरासाठी हा हिशोब केला होता. चार बाय चार फुटांची खिडकी धरा, म्हणजे साधारण दीड चौरस मीटर. त्यात फ्रेम पाव भाग, बाकी काच. संध्याकाळचं तिरकं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला पाचशे वॉटच्या पुढे सहज असतं, आणि साध्या काचेतून त्यातलं ऐंशी टक्के आत येतं. म्हणजे काचेतूनच साडेचारशे वॉटच्या आसपास. आता फ्रेम, बाहेर चौतीस आत सव्वीस असताना ॲल्युमिनियमच्या फ्रेममधून वीसेक वॉट, यूपीव्हीसी किंवा लाकडातून सहासात. फ्रेमवर ऊन पडलं आणि रंग गडद असला तर ॲल्युमिनियमचे वीसचे ऐंशी होतील, तरी काचेच्या पासंगाला पुरत नाही.

तेव्हा "ॲल्युमिनियम घर तापवतं" हे खोटं नाही, पण त्या खोलीत बसवत नाही त्याचं कारण काच आहे. पश्चिमेला बाहेरून सावली करा, बांबूची चिक, झडप, काहीही, पण बाहेरून. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता खोलीत आलेली असते. ऊन परतवणारी काच मिळाली तर तीही घाला.

सेक्शनवाला:
हिशोब पटला. एकच भर घालतो, एसी लावणार असाल तर ॲल्युमिनियमची फ्रेम बाहेरच्या बाजूने घामेजते, कारण बाहेरची हवा दमट आणि फ्रेम थंड. ते पाणी रोज रात्री खाली भिंतीत मुरतं आणि सिलवर काळी बुरशी धरते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत उष्णतेपेक्षा मला हे जास्त खटकतं.

शिंपला:
एसी बाबांच्या खोलीत आहे आणि हो, तिथे सिल काळं पडलंय! आम्ही भिंतीला गळती समजत होतो. मग तुमच्या घरात तुम्ही काय घातलं असतं?

सेक्शनवाला:
तुमच्या मापांना, चार फुटांच्या आतबाहेर, पांढरं यूपीव्हीसी, आणि सरकती नको, बाहेर उघडणारी. सरकत्या खिडकीचं सगळं दुखणं खालच्या रोलरमध्ये नि ट्रॅकमध्ये असतं, मीठ आणि वाळू तिथेच साठते. उघडणारीची झडप रबरावर दाबून बसते, त्यामुळे शिट्टीही वाजत नाही (@पाचवा_मजला). बिजागऱ्या ३१६ च्या लिहून घ्या. सात-आठ फुटी खिडकी असती तर मी ॲल्युमिनियमच म्हटलं असतं, तेवढ्या रुंदीला यूपीव्हीसी वाऱ्यात लवतं. आणि ॲल्युमिनियम घेतलंच तर कापलेली टोकं रंगाने बंद करून घ्या, स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला, आणि गिलावा होईपर्यंत वरची टेप काढू देऊ नका, ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला डागतं.

गणिती_गृहिणी:
माझं इथे थोडं वेगळं मत. बाहेर उघडणारी झडप जोराच्या वाऱ्यात हातातून सुटते, वयस्कर माणसांना बाहेर वाकून ओढावी लागते. शिवाय मी सुचवलेली बाहेरची चिक तिच्या आड येणार.

सेक्शनवाला:
चिकेचा मुद्दा मान्य. झडप जागेवर धरणारा अडणा मिळतो, पण आईबाबांनी स्वतः एकदा उघडझाप करून बघावी आणि मगच ठरवावं.

शिंपला:
ठीक, पश्चिमेच्या तिन्ही आधी करते, उघडणारी की सरकती ते आईला दुकानात नेऊन ठरवू. आता त्या सागवानी खिडकीचं काय? @रंधा दादा, ती ठेवावी का? खालच्या आडव्या पट्टीचा रंग सुटलाय.

रंधा:
यूपीव्हीसीचं माझं ऐकीव होतं, सुधारून घेतो. सागवान मात्र काढू नका आधी तपासल्याशिवाय. पट्टी जिथे उभ्या दांड्याला मिळते त्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाताने दाबून उचका. लांब रेषेरेषेची ढलपी निघाली तर लाकूड जिवंत आहे, नुसता भुगा किंवा आखूड तुकडे निघाले तर कुजलंय. कुजलं असेल तर सुताराकडून तेवढी पट्टी बदलून घ्या, पण जोडण्याआधी नव्या तुकड्याच्या दोन्ही कापलेल्या टोकांना रंगाचे दोन-तीन हात द्यायला सांगा, पाणी तिथूनच पितं ते. फुगते म्हणून पावसाळ्यात रंधा मारू देऊ नका, उन्हाळ्यात फट पडेल.

शिंपला:
केलं. डाव्या कोपऱ्यात भुगा, उजवीकडे लांब ढलपी. म्हणजे अर्धी पट्टी बदलता येते का पूर्णच बदलावी लागते?