संध्याकाळ झाली की पाय स्वस्थ बसू देत नाहीत: तुमचे अनुभव सांगा

रामबागची_मावशी
काल रात्री भाची सोफ्यावर बसून एका पायाने दुसरा पाय घासत होती. म्हणाली, "मावशी, पोटरीत आतून काहीतरी सरपटतंय." मला एकदम आई आठवली. रामबागेतल्या जुन्या घरात रात्री साडेनऊ झाले की ती ओसरीवर फेऱ्या मारायची. चाललं की बरं, आडवं झालं की पुन्हा सुरू. आम्ही पाय चेपायला बसलो की म्हणायची, "दुखत नाही गं, वळवळतं." तिची तपासणी कोणी केलीच नाही.

मला हेच पस्तिशीत सुरू झालं. हिमोग्लोबिन 12.4, म्हणून "रक्त छान आहे" असं ऐकून तीन वर्षं कॅल्शियम खाल्लं. मग एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी हा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम आहे असं सांगून फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी करायला लावली. आलं 14, आणि लॅबच्या कागदावर तेही नॉर्मलच! बाई म्हणाल्या, रक्तापुरतं लोह आहे, पण साठा रिकामा आहे. ह्या त्रासात फेरिटिन 75 च्या खाली असलं तर लोह देऊन बघतात. तुमच्याकडे कोणाला आहे का असं?

पोहेवाला_दादा
मला आहे! रात्री दोन वाजता पोटरीत गोळा येतो, ओरडत उठतो. केळं खाल्लं की बरं वाटतं.

रामबागची_मावशी
दादा, तो वांब. त्यात पोटरी दगडासारखी कडक होते आणि दुखते. ह्यात स्नायू मऊच असतो, फक्त हलवल्याशिवाय राहवत नाही.

सुलभा_काकू
लोखंडी कढईत भाजी करा, गूळ-शेंगदाणे खा, गोळ्या कशाला? आमच्या सासूबाईंचं तसंच बरं झालं.

लॅबमधला
काकू, कढईने थोडं लोह वाढतं हे खरं, पण 14 वरून वर यायला तेवढं पुरत नाही. मी रोज हेच नमुने बघतो. एक सांगतो, ताप-सर्दी चालू असताना फेरिटिन करू नका. अंगात सूज किंवा इन्फेक्शन असलं की आकडा खोटा वर जातो आणि कमतरता झाकली जाते. सोबत ट्रान्सफेरिन सॅचुरेशन ही लोहाचीच दुसरी तपासणी करा, सकाळी उपाशीपोटी. आणि तपासल्याशिवाय गोळी सुरू करू नका, जास्तीचं लोह शरीर सहज बाहेर टाकत नाही.

भाग्यश्री_विजयनगर
ताई गोळी कशी घेतली? मला मळमळतं, चार दिवसांत सोडली 😔

रामबागची_मावशी
भाग्यश्री, मलाही रोज झेपेना. डॉक्टरांनी एक दिवसाआड दिली, झोपताना, लिंबूपाण्यासोबत. चहा गोळीपासून दोन तास लांब. आपल्याकडे चहाशिवाय पान हलत नाही, माझं नेमकं तिथेच चुकत होतं. शौच काळी होते, घाबरू नकोस. पहिला महिना काहीच फरक नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एका रात्री लक्षात आलं, आपण आख्खी मालिका बसून बघितली! तीन महिन्यांनी फेरिटिन 41. अजून चालू आहे.

पोहेवाला_दादा
कोणती मालिका?

सुलभा_काकू
मी पण तेच विचारणार होते 😄

नाईट_शिफ्ट
माझं सर्दीच्या गोळीने वाढायचं. झोप आणणारी ॲलर्जीची गोळी घेतली की डोळे मिटतायत आणि पाय नाचतायत. डॉक्टरांना सांगून बदलून घेतली. संध्याकाळी पाचनंतर कॉफी बंद, रात्री पोटऱ्यांवर कोमट पाणी, आणि उठायची वेळ एकच. झोप अर्धवट राहिली की दुसऱ्या संध्याकाळी हमखास जास्त.

जोशीकाका_सुदामानगर
माझं फेरिटिन 110 आहे, तरी त्रास आहेच. डोपामिनवाली गोळी सुरू केली, वर्षभर स्वर्ग. मग रात्री नऊचं दुपारी चारला सुरू झालं, हातातही आलं. मी आपला डोस वाढवत गेलो. नंतर कळलं की त्या गोळीनेच आजार वाढत जातो. आता डॉक्टर हळूहळू कमी करतायत. रात्री फार जड जातात हो.

रामबागची_मावशी
काका, वाचून वाईट वाटलं. एकदम बंद करू नका हं.

लॅबमधला
काका, किडनीच्या आजारातही असा त्रास होतो, तिची तपासणी झाली आहे का? क्रिएटिनिन?

जोशीकाका_सुदामानगर
नाही झाली. उद्या विचारतो.

भाग्यश्री_विजयनगर
ताई, भाचीची पाळी जास्त जाते का? माझं मूळ तेच निघालं. गोळ्या भरतायत आणि दर महिन्याला रिकामं होतंय. आता आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे.

रामबागची_मावशी
हे मी विचारलंच नव्हतं गं. आत्ता फोन केला, सात दिवस जाते म्हणाली. तिची सर्दी उतरली की मंगळवारी सकाळी रक्त द्यायला घेऊन जाते.